थायरॉइडची पेशी हॉर्मोन स्वतःच्या पोटात का बनवत नाही?

प्रश्न: मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. थायरॉइडची पेशी रक्तातून आयोडीन आत घेते, पलीकडे बाहेर टाकते, मग तेच परत गिळते आणि शेवटी रक्तात सोडते, असं पुस्तकात आहे. एवढा फेरा कशासाठी? पायऱ्या पाठ केल्या तरी दुसऱ्या दिवशी सरमिसळ होते. कुणी सोपं करून सांगेल का?

उत्तर:

सरमिसळ होते, कारण पुस्तकं पायऱ्यांना क्रमांक देतात, पण कोणती पायरी पेशीच्या कुठल्या बाजूला घडते यावर जोर देत नाहीत. मी एंडोक्रायनॉलॉजीची ओपीडी बघतो आणि विद्यार्थ्यांना शिकवतोही. मुलांना मी आधी जागा दाखवतो, रसायनं नंतर. जागा डोळ्यासमोर असली की क्रम पाठ करावा लागत नाही.

फॉलिकल म्हणजे पेशींच्या एकेरी थराचा बंद गोळा. त्याचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर. गोळ्याच्या बाहेरून केशवाहिन्यांचं जाळं असतं आणि आतल्या पोकळीत दाट, चिकट कोलॉइड भरलेलं असतं. नेहमीच्या स्लाइडवर हे कोलॉइड एकसारखं गुलाबी दिसतं. त्यामुळे प्रत्येक पेशीला दोन तोंडं आहेत, एक रक्ताकडे आणि एक पोकळीकडे. शेजारच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की दोन पेशींच्या फटीतून रक्तातला माल पोकळीत शिरू शकत नाही. जे काही जाईल ते पेशीच्या अंगातूनच जाणार. आणखी एक गोष्ट मनात पक्की करा. पोकळी ग्रंथीच्या आत असली तरी पेशीच्या हिशेबानं ती ‘बाहेर’ आहे. तुमचा अर्धा गोंधळ या एका वाक्यात आहे.

आता कच्चा माल. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणात २५०. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे दहा ग्रॅम मीठ खाल्लं (एवढं खाऊ नये, पण आपण खातो) तर बरोबर १५० मायक्रोग्रॅम झाले. त्यातलं थोडं शिजवताना उडतं. मिठात ते आयोडेटच्या रूपात असतं, आतड्यात त्याचं आयोडाइड होतं आणि रक्तात येतं. तिथे दोन गिऱ्हाइकं टपलेली असतात, थायरॉइड आणि मूत्रपिंड. रोजच्या आयोडीनचा मोठा भाग मूत्रपिंडाकडेच जातो, म्हणून एखाद्या भागात आयोडीन पुरेसं मिळतंय का हे तपासायला लोकांची लघवी तपासतात.

पहिली पायरी आयोडाइड आत ओढण्याची, आणि ती रक्ताकडच्या तोंडावर होते. रक्तात आयोडाइड अगदी विरळ असतं आणि पेशीत त्याची पातळी वीस ते चाळीस पट जास्त. म्हणजे ते उतारावरून आपोआप आत येणार नाही, चढावर ओढावं लागणार. हे काम एनआयएस नावाचं वाहक प्रथिन करतं. त्याचं जनुक १९९६ मध्ये सापडलं. एनआयएसला स्वतःची ताकद नसते. पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी खर्च करून सोडियम सतत बाहेर फेकत असतो, त्यामुळे बाहेरच्या सोडियमला आत यायची घाई असते. एनआयएस दोन सोडियम आत सोडतं आणि त्यांच्या ओढीवर एक आयोडाइड आत आणतं. पंप थांबला तर एनआयएस शाबूत असूनही आयोडाइड येणार नाही.

हे वाहक फार चोखंदळ नाही. परक्लोरेट, थायोसायनेट आणि परटेक्नेटेट यांनाही ते आयोडाइड समजून घेतं. तुमच्या वॉर्डातल्या रुग्णाचा टेक्नेशियमचा थायरॉइड स्कॅन निघतो तो याच चुकीवर. आणि एनआयएस फक्त थायरॉइडमध्ये नाही, लाळग्रंथींमध्ये आणि जठरातही आहे. स्कॅनच्या फिल्मवर मानेतल्या फुलपाखराच्या वर लाळग्रंथींचे ठिपके दिसतात ते त्यामुळेच. आयोडाइड ओढणं लाळग्रंथीलाही जमतं. ते धरून ठेवून त्याचं हॉर्मोन करणं मात्र थायरॉइडलाच जमतं.

आयोडाइड आत येत असतानाच त्याच पेशीत एक वेगळं काम चालू असतं, त्याचा आयोडीनशी अजून काही संबंध नाही. पेशी थायरोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन बनवते. ते अवाढव्य आहे. दोन जुळी अंगं मिळून त्याचं वजन सुमारे ६,६०,००० डाल्टन भरतं. रायबोसोमवर साखळी तयार होते, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये घडी पडते, गॉल्जीमध्ये साखरेचे रेणू जोडले जातात आणि पुटिकेत भरून ते पोकळीकडच्या तोंडातून बाहेर सोडलं जातं. या क्षणी त्यात आयोडीनचा एकही अणू नसतो. परीक्षेत हमखास चुकतं ते इथे. मुलं लिहितात की पेशीच्या आत थायरोग्लोब्युलिनला आयोडीन लागतं आणि मग ते पोकळीत साठवलं जातं. तसं नाही. कोरं प्रथिन पोकळीत जातं, आयोडाइड वेगळ्या वाटेनं पोकळीत जातं आणि दोघांची गाठ तिथे, पोकळीच्या काठावर पडते.

आयोडाइडची ती वेगळी वाट म्हणजे पोकळीकडच्या पडद्यातली पेन्ड्रिनसारखी वाहक प्रथिनं. पेन्ड्रिन आतल्या कानातही लागतं. म्हणून त्याच्या जनुकात दोष असलेल्या मुलांना जन्मतः किंवा लहानपणी बहिरेपण येतं आणि पुढे अनेकांना गलगंड होतो.

आता मुख्य रसायन. आयोडाइड आहे त्या रूपात थायरोग्लोब्युलिनच्या साखळीतल्या टायरोसिन या अमिनो आम्लाला चिकटत नाही, आधी त्याचं ऑक्सिडीकरण व्हावं लागतं. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, जखम धुवायला वापरतात तेच. पोकळीकडच्या पडद्यावर ड्युऑक्स-२ नावाचं एन्झाइम ते तयार करतं. त्याच्या शेजारी थायरॉइड पेरॉक्सिडेज म्हणजे टीपीओ बसलेलं असतं, आणि त्याचं काम करणारं टोक पोकळीच्या दिशेला बाहेर काढलेलं असतं. टीपीओ पेरॉक्साइड वापरून आयोडाइडला तडफदार बनवतं आणि थायरोग्लोब्युलिनमधल्या टायरोसिनच्या कड्यावर बसवतं. एक आयोडीन बसलं की एमआयटी, दोन बसली की डीआयटी.

तुमच्या ‘फेरा कशासाठी’चं उत्तर इथे आहे आणि ते दोन पदरी आहे. पहिलं कारण सुरक्षेचं. पेरॉक्साइड आणि तडफदार आयोडीन पेशीच्या पोटात मोकळं फिरलं तर डीएनए, पडदे, एन्झाइमं काहीच वाचणार नाही. म्हणून हे जाळपोळीचं काम पेशीनं उंबऱ्याबाहेर ठेवलंय. दुसरं कारण साठवणुकीचं. सुटा टी-४, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हॉर्मोन, हा छोटा रेणू आहे, पडद्यावरच्या वाहकांतून तो निसटतो आणि त्याचा साठा करणं कठीण. प्रथिनाच्या साखळीत गुंफलेला टी-४ मात्र कुठेही जाऊ शकत नाही. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याला आयोडीन रोज मिळेलच याची खात्री नसते, तेव्हा मिळेल त्या दिवशी घ्यायचं आणि असं बांधून ठेवायचं की गळणार नाही.

टीपीओचं दुसरं काम जोडणीचं. एक डीआयटी आपलं आयोडीनवालं कडं सोडून देतं आणि ते दुसऱ्या डीआयटीवर जाऊन बसतं. दोन अधिक दोन, चार आयोडीन, हा टी-४. एमआयटीचं कडं डीआयटीवर बसलं तर टी-३. ही जोडणी कुठल्याही दोन टायरोसिनांत होत नाही. टी-४ची मुख्य जागा साखळीच्या अगदी सुरुवातीला, पाचव्या क्रमांकाच्या टायरोसिनवर आहे आणि त्याला कडं देतं ते १३०व्या क्रमांकाचं टायरोसिन. साखळीत दोघं शंभरहून जास्त घरं लांब, पण प्रथिनाची घडी अशी पडते की ती समोरासमोर येतात. एवढं अवाढव्य प्रथिन कशाला, याचं उत्तर त्या घडीत आहे. घडी चुकली तर आयोडीन भरपूर असूनही टी-४ बनत नाही.

या प्रथिनाच्या दोन्ही अंगांत मिळून सव्वाशेच्या वर टायरोसिन असतात. त्यातल्या साधारण पंचवीस-तीसांवर आयोडीन बसतं आणि त्यातून टी-४ निघतात जेमतेम दोन-तीन. टी-३ तर दर तीन-चार प्रथिनांमागे एखादा. जुन्या पैठणीतली जर मिळवायला अख्खी पैठणी जाळतात, तसा हा व्यवहार आहे. टी-४चं वजन ७७७ डाल्टन, म्हणजे अडीच टी-४ धरले तर प्रथिनाच्या वजनाच्या जेमतेम ०.३ टक्के. ग्रंथी दिवसाला सुमारे ९० मायक्रोग्रॅम टी-४ रक्तात सोडते. या हिशेबानं त्यासाठी रोज तीसेक मिलिग्रॅम थायरोग्लोब्युलिन मोडावं लागतं.

साठ्याचा हिशेबही करून ठेवा, पुढे लागेल. साधारण २० ग्रॅमच्या निरोगी ग्रंथीत सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम टी-४ बांधलेला असतो. रोज ९० खर्च झाले तर नवीन काही न बनवता पन्नास-पंचावन्न दिवस निघतात. शरीरातली दुसरी कुठलीच हॉर्मोन-ग्रंथी एवढी बेगमी पेशीबाहेर करून ठेवत नाही.

हॉर्मोन हवं असतं तेव्हा पिट्यूटरीकडून टीएसएच येतं. ते रक्ताकडच्या तोंडावर बसतं, पण परिणाम पोकळीकडच्या तोंडावर दिसतो. तिथे पेशी कोलॉइडचे बारीक थेंब गिळायला लागते. ही तुमची ‘परत गिळते’वाली पायरी. थेंब लायसोसोमला जाऊन मिळतात, तिथली कॅथेप्सिन नावाची एन्झाइमं प्रथिनाचे तुकडे करतात आणि टी-४, टी-३ सुटे होतात. मग रक्ताकडच्या पडद्यातल्या एमसीटी-८ सारख्या वाहकांतून ते बाहेर पडतात आणि रक्तात जवळजवळ सगळेच्या सगळे वाहक प्रथिनांना चिकटून फिरतात. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ च येतो. शरीरातला सुमारे ८० टक्के टी-३ यकृत, मूत्रपिंड वगैरे ठिकाणी टी-४ मधलं एक आयोडीन काढून तयार होतो.

आणि जोडणी न झालेल्या एमआयटी-डीआयटीचं काय? प्रथिनातल्या आयोडीनचा निम्म्याहून जास्त भाग त्यांच्याकडे असतो. तो रक्तात सोडला तर लघवीतून वाया जाईल. म्हणून पेशीतलं एक डीआयोडिनेज एन्झाइम त्यांचं आयोडीन काढून घेतं आणि ते पुन्हा पोकळीकडे रवाना होतं. हे एन्झाइम नसलेली मुलं क्वचित सापडतात. त्यांची ग्रंथी सगळं नीट करते, तरीही आयोडीन गळत राहिल्यामुळे गलगंड आणि हायपोथायरॉइडिझम होतो.

गिळण्याची खूण स्लाइडवर दिसते, प्रॅक्टिकलला मुद्दाम बघा. ज्या फॉलिकलला टीएसएचचा रेटा आहे त्याच्या पेशी उंच, खांबासारख्या असतात आणि कोलॉइडची कड पेशींलगत कुरतडल्यासारखी, अर्धगोल खळग्यांची दिसते. शांत फॉलिकलच्या पेशी चपट्या असतात आणि कोलॉइड काठोकाठ भरलेलं.

थोडक्यात, रक्ताकडून आयोडाइड आत, पोकळीकडून कोरं प्रथिन आणि आयोडाइड बाहेर, काठावर गुंफण आणि जोडणी, पोकळीत साठा, मग त्याच काठावरून परत गिळणं, लायसोसोममध्ये फोडणं आणि रक्ताकडच्या तोंडातून सोडणं. माल आधी रक्ताकडून पोकळीकडे जातो आणि मग उलट येतो. आत ओढणं, बनवणं आणि सोडणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहू शकतं.

हे शेवटचं वाक्य ओपीडीत कसं उपयोगी पडतं ते बघा. दोन बायका येतात. दोघींना धडधड, हाताला कंप, घाम. दोघींचा रिपोर्ट सारखा. टीएसएच ०.०१ च्या खाली, फ्री टी-४ ४.० (त्या लॅबची वरची मर्यादा १.८). कागदावर फरक नाही.

पहिलीचं तीन महिन्यांत वजन उतरलंय, मान भरल्यासारखी दिसते, डोळे ताठरलेत. तिला ग्रेव्ह्ज आजार आहे. टीएसएचच्या जागी जाऊन बसणाऱ्या अँटिबॉडीमुळे तिची ग्रंथी तिन्ही कामं जोरात करते आहे. स्कॅनमध्ये ग्रंथी ठळक उठते. तिला कार्बिमाझोल देतात, जे टीपीओला अडवतं, म्हणजे फक्त ‘बनवणं’ थांबवतं. ओढणं चालू, साठा जागेवर, गिळणं आणि सोडणंही चालू. म्हणून दहा दिवसांनी ती चिडून सांगते की गोळीचा काही उपयोग नाही. साठा उतरायला आणि रक्तातला टी-४ संपायला वेळ लागणारच, कारण रक्तातल्या टी-४ला अर्धं व्हायलाच सात दिवस लागतात. फरक साधारण तीन ते सहा आठवड्यांत पडतो. वर काढलेले पन्नास दिवस इथे जसेच्या तसे लावू नका, ते निरोगी ग्रंथीचे आहेत. ग्रेव्ह्जमध्ये साठा भराभर उडतो, आणि ग्रंथी किती मोठी, आयोडीन किती मिळालेलं, डोस किती, यावर हा काळ बदलतो. तोपर्यंत धडधडीला प्रोप्रॅनोलॉल देतात. नर्सिंगमध्ये आहात म्हणून सांगतो, कार्बिमाझोल चालू असताना ताप किंवा घसादुखी आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात, हे रुग्णाला घरी जाण्याआधी सांगा.

दुसरीला पंधरा दिवसांपूर्वी सर्दी-ताप होऊन गेला. आता मानेत पुढे दुखतं, कळ कानापर्यंत जाते, गिळताना त्रास होतो, ईएसआर ८०. हा सबअक्यूट थायरॉइडायटिस. सुजेमुळे फॉलिकलच्या भिंती फुटल्यात आणि साठवलेला माल सरळ रक्तात गळतोय. वाढलेल्या टी-४ मुळे टीएसएच दबलंय, पेशीही जखमी आहेत, त्यामुळे ‘ओढणं’ जवळजवळ शून्य. स्कॅनवर ग्रंथीची जागा रिकामी दिसते आणि वर लाळग्रंथी मात्र नेहमीसारख्या. हिला कार्बिमाझोल देण्यात अर्थ नाही, कारण जे थांबवायचं ते आधीच थांबलंय. हिला वेदनाशामक किंवा गरज पडली तर प्रेडनिसोलोन, आणि धडधडीला प्रोप्रॅनोलॉल. गळती थांबली की फ्री टी-४ ४.० वरून आठवड्यात २.० च्या आसपास आणि दुसऱ्या आठवड्यात १.० च्या आसपास येतो. प्रत्यक्षात गळती एकदम थांबत नाही, त्यामुळे काही आठवडे जातात. त्यानंतर बरेचदा उलटी बाजू येते. कोठार रिकामं आणि कारखाना दुरुस्तीला, म्हणून दोन-तीन महिने टी-४ कमी आणि टीएसएच जास्त. तेव्हा घाबरून ‘आता आयुष्यभर गोळी’ असं सांगू नये. बहुतेकांची ग्रंथी भिंती बांधून पुन्हा साठा भरते, काहींना मात्र हायपोथायरॉइडिझम कायमचा राहतो.

स्कॅन रिकामा आला म्हणजे थायरॉइडायटिसच, असंही नाही. आधीच्या काही आठवड्यांत आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाला असेल, किंवा रुग्ण अमिओडॅरोन घेत असेल, तर आयोडाइडच्या पुरामुळे एनआयएस आखडतं आणि ग्रेव्ह्जची ग्रंथीही फिकी दिसू शकते. म्हणून स्कॅनच्या फॉर्मवर ‘गेल्या दोन महिन्यांत सीटी झाला का’ हा प्रश्न रिकामा सोडू नका. तिसरी शक्यता अशी की बाई वजन उतरवायला चोरून थायरॉक्सिनच्या गोळ्या घेते आहे. तिथेही टी-४ जास्त, स्कॅन रिकामा. अशा वेळी रक्तातलं थायरोग्लोब्युलिन तपासतात. फॉलिकल फुटून माल गळत असेल तर हॉर्मोनबरोबर ते प्रथिनही रक्तात वाढतं. गोळीतून आलेल्या हॉर्मोनबरोबर ते येत नाही आणि ग्रंथी झोपलेली असल्यामुळे पातळी अगदी खाली जाते. फक्त थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर हा आकडा फसवा निघतो, त्यामुळे दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यातून पाठवा.